‘पार्सल आलंच नाही’ म्हणून चार्जबॅक आला, तर पुराव्याचं एक पान कसं लिहायचं

अमळनेरला आत्याच्या गृहउद्योगाचा हिशेब आणि ऑनलाइन ऑर्डरी मी बघते. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, काळा मसाला असा माल. उन्हाळा लागला की गच्चीवर वाळवणं पसरतात आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज कुरिअरचा माणूस दारात असतो. अशाच एका मोसमानंतर, ६ मे रोजी सकाळी पेमेंट गेटवेचा मेल आला. ₹१०,१४० च्या ऑर्डरवर चार्जबॅक. कारण एकच ओळीचं, ग्राहकाला माल मिळाला नाही. उत्तर द्यायची शेवटची तारीख १३ मे. पैसे आमच्या पुढच्या जमा रकमेतून आधीच वळते झालेले.

माल मी स्वतः बांधला होता, त्यामुळे पहिल्यांदा राग आला. मग रागातच तेवीस स्क्रीनशॉट गोळा केले. ते तसेच पाठवले असते तर आम्ही हरलो असतो, हे आता मला नक्की कळतं. नव्याने ऑनलाइन विक्री सुरू केलेल्यांसाठी ती ऑर्डरच उदाहरण म्हणून घेते, कारण तिच्यात या प्रकारातल्या बहुतेक अडचणी एकदम आल्या होत्या.

आधी कारण वाचा, मग कागद शोधा

चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेकडे केलेली तक्रार. ती त्याच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बाजूच्या बँकेकडे आणि तिथून गेटवेमार्फत आपल्याकडे येते. आपलं उत्तर त्याच वाटेने उलटं जातं. शेवटी ते वाचतो ग्राहकाच्या बँकेतला एखादा माणूस. त्याला अमळनेर कुठे आहे हे माहीत नसतं, बिबडे म्हणजे काय हे माहीत नसतं आणि आपल्या फाइलसाठी त्याच्याकडे फार वेळही नसतो. पान त्याच्यासाठी लिहायचं आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा.

प्रत्येक तक्रारीला कारणाचा कोड असतो. माल मिळाला नाही या तक्रारीला व्हिसावर `13.1` हा कोड आहे. मास्टरकार्डवर ती `4853` या मोठ्या गटात मोडते, म्हणून तिथे कोडच्या शेजारचं वर्णनही वाचावं लागतं, कारण सदोष मालाच्या तक्रारीही त्याच गटात येतात. रुपेचे कोड वेगळे आहेत, ते नोटिशीत दिलेले असतात. आणि पैसे यूपीआयने आले असतील तर ती वाटच निराळी, तिथे हा लेख लागू नाही.

कोड बघण्याला मी इतकं महत्त्व देते, कारण पहिली चूक इथेच होते. माझ्या तेवीस स्क्रीनशॉटांपैकी सर्वांत वर मी काय ठेवलं होतं? ओटीपी टाकून पेमेंट झाल्याची नोंद. मला वाटलं, ओटीपी ग्राहकाच्याच मोबाइलवर गेला, म्हणजे आता कोण काय बोलणार! पण ओटीपीने सिद्ध होतं ते एवढंच की पेमेंट कार्डधारकाने केलं. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार असती, तर तो पुरावा भक्कम होता. इथे ग्राहक तसं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, पैसे मीच दिले, पण माल आला नाही. त्याला ओटीपी दाखवणं म्हणजे त्याच्याच बोलण्याला दुजोरा देणं.

मालाचे फोटो, इतर ग्राहकांचे चांगले अभिप्राय, आमची परत-धोरणाची अट, आत्याला मिळालेलं बचत गटाचं प्रशस्तिपत्र, हे सगळं मी त्याच कारणाने काढून टाकलं. मालाच्या दर्जाबद्दल कोणी प्रश्न विचारलेलाच नव्हता.

प्रश्न एकच आहे

ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या मुदतीत, हाच माल, कार्डधारकाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळाला का? बँकेला एवढंच ठरवायचं असतं. याचं उत्तर कुठल्याही एका कागदात नसतं. ते चार कागदांच्या साखळीत असतं. ऑर्डर देताना ग्राहकाने भरलेला पत्ता, खोक्यावर चिकटवलेलं लेबल, कुरिअरची बुकिंग पावती आणि पोच, म्हणजे पीओडी. एका कागदावरचा तपशील दुसऱ्या कागदावर जसाच्या तसा सापडला पाहिजे. कडी तुटली की वाचणारा तिथेच थांबतो.

आमच्या ऑर्डरचा तपशील सांगते. २४ मार्चला ऑर्डर आली. दहा किलो उडदाचे पापड, पाच किलो बिबडे, दोन किलो कुरडया, दोन किलो काळा मसाला. माल ₹९,५०० चा आणि कुरिअर ₹६४०. आम्ही ५ एप्रिलपर्यंत पोचवण्याचं कबूल केलं होतं आणि ते ऑर्डरच्या पानावर छापलेलं होतं. २६ मार्चला दोन खोकी गेली. पापडांचा खोका १०.८ किलो भरला, बाकीच्या मालाचा ९.७ किलो. दोन खोकी म्हणून कुरिअरचे दोन ट्रॅकिंग नंबर, म्हणजे एडब्ल्यूबी नंबर. काही जण त्याला डॉकेट नंबर म्हणतात.

दोन नंबर असले की एक घोटाळा हमखास होतो. वेबसाइटवर ऑर्डरसमोर एकच नंबर टाकायची सोय असते, म्हणून आपण पहिला टाकतो आणि दुसरा वहीत राहतो. मग पुरावा देतानाही एकाच खोक्याची पोच जाते. तक्रार मात्र सगळ्या रकमेची असते. अर्ध्या मालाच्या पोचेवर पूर्ण रक्कम मिळवता येत नाही. म्हणून प्रत्येक खोक्याचा नंबर, त्यातला माल आणि वजन हे वेगवेगळं लिहा. वजनाचा उपयोग असा की ‘खोका आला पण रिकामा होता’ असं पुढे कोणी म्हटलंच, तर बिलातलं वजन आणि कुरिअरने मोजलेलं वजन जुळवून दाखवता येतं. आमच्या बिलात पहिल्या खोक्याचा माल दहा किलो आणि पावतीवर १०.८. वरचे आठशे ग्रॅम खोका, प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीचे.

`Delivered` म्हणजे पोच नव्हे

कुरिअरच्या वेबसाइटवर नंबर टाकला की हिरव्या अक्षरांत `Delivered` दिसतं. बहुतेक नवे विक्रेते तेवढा फोटो काढून पाठवतात आणि मग हरल्यावर म्हणतात, पुरावा देऊनही बँकेने ऐकलं नाही.

त्या पानाकडे अनोळखी माणसाच्या नजरेने बघा. त्यावर नंबर असतो, तारीख असते आणि गावाचं नाव असतं. आमच्या पानावर होतं, पुणे. पुण्यात लाखो घरं. ते पार्सल कुठल्या घरी गेलं, कोणी घेतलं, त्याचा या ऑर्डरशी संबंध काय, यातलं काहीच त्या पानावर नव्हतं. म्हणून ट्रॅकिंगचं पान जोडायचं ते फक्त तारखांच्या क्रमासाठी. खरी पोच वेगळी मागवावी लागते.

ती कुरिअरच्या स्थानिक शाखेकडे लेखी मागा, मेलने. मेलमध्ये एडब्ल्यूबी नंबर, बुकिंगची तारीख, आपला ग्राहक खाते क्रमांक आणि ‘बँकेला अमुक तारखेपर्यंत द्यायची आहे’ हे लिहा. फोनवर मागितलेली पोच आठवडाभर ‘बघतो, सांगतो’ यातच राहते. मागताना नुसतं ‘पीओडी पाठवा’ म्हणू नका. चार गोष्टी नावाने मागा. घेणाऱ्याचं नाव आणि त्याने दिलेली सही किंवा ओटीपीची नोंद. दारातला फोटो असेल तर तो. डिलिव्हरीची नेमकी वेळ. आणि डिलिव्हरी करणाऱ्याच्या हातातल्या यंत्रात नोंदलेलं ठिकाण, म्हणजे अक्षांश-रेखांश. सगळ्याच कंपन्या सगळं ठेवत नाहीत, पण मागितल्याशिवाय असलेलंही कोणी देत नाही.

आम्ही ६ मे रोजीच मेल केला. ९ मे रोजी पोच आली. दुसऱ्या खोक्याची पोच सुरेख होती. ३१ मार्च, संध्याकाळी ६.४०, ज्यांच्या नावाने पार्सल होतं त्यांची स्वतःची सही, सहीखाली पूर्ण नाव. पहिल्या खोक्याची पोच पाहून मात्र पोटात गोळा आला. ३० मार्च, दुपारी १.१२, नावाच्या जागी ‘सिक्युरिटी’ आणि खाली एक रेघोटी. फोटो नाही.

सोसायट्यांच्या गेटवर दिलेली पार्सलं हीच या प्रकारातली सर्वांत कच्ची कडी. वॉचमन म्हणजे कार्डधारक नव्हे, आणि त्याला माल घ्यायचा अधिकार होता का, हा प्रश्न बँक विचारू शकते. अशा वेळी दोनच उपाय असतात. एक, पार्सल निदान त्या गेटपर्यंत तरी पोचलं हे पक्कं करणं. आम्ही परत मेल करून यंत्रातलं ठिकाण मागितलं, ते दुसऱ्या दिवशी मिळालं. नकाशावर टाकलं तर सोसायटीचं फाटकच. दोन, गेटपासून पुढे ते घरात गेलं याला दुसरा कुठला तरी आधार शोधणं. तो आधार आम्हाला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला.

एक सूचना मध्येच देते. कधी कधी कुरिअरवाले पोच म्हणून त्या दिवसाचा सगळा डिलिव्हरीचा तक्ताच पाठवतात. त्यात इतर वीस माणसांची नावं, मोबाइल नंबर असतात. आपली ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी झाकून मगच जोडा. ती माणसं या भांडणात नाहीत.

पैसे देणारा एक, घेणारा दुसरा

आमच्या ऑर्डरमध्ये कार्ड होतं बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाचं आणि पार्सल गेलं पुण्याला त्याच्या आईच्या नावाने. खान्देशी मालाच्या ऑर्डरी बऱ्याचदा अशाच असतात. पोरं दूर असतात आणि घरच्यांसाठी मागवतात. बँकेच्या माणसाला मात्र दिसतं ते असं की कार्डावर एक नाव, पोचेवर दुसरं नाव, शहरही दुसरं. समजावून सांगितलं नाही तर त्याला वाटणार, माल भलत्याच माणसाला गेला.

याचं उत्तर ऑर्डरच्या पानात असतं. पेमेंट करण्याआधी ग्राहक जो पत्ता भरतो, तिथे त्यानेच आईचं नाव, आईचा मोबाइल आणि पुण्याचा पत्ता लिहिला होता. ऑर्डर दिल्यानंतर त्याच्या मेलवर जी खात्री गेली, तिच्यातही तोच पत्ता होता. म्हणून हे पान पहिलं जोडपत्र. त्यावर ऑर्डर क्रमांक, तारीख-वेळ, बिलाचं नाव, पाठवण्याचं नाव आणि पत्ता हे एकाच चौकटीत दिसलं पाहिजे. आपल्या वेबसाइटच्या आतल्या बाजूने ते पूर्ण पान पीडीएफ करून घ्या. मोबाइलवरून काढलेल्या तुकड्या-तुकड्यांच्या फोटोंवर विश्वास बसत नाही.

फोन करा, पण मागाल ते लिहून मागा

नोटीस आली की ग्राहकाला फोन करायला लोक घाबरतात. माझं मत आहे की करावा, त्याच दिवशी करावा आणि भांडायला करू नये. मी ७ मे रोजी पार्सल घेणाऱ्या काकूंच्या नंबरवर फोन केला. म्हटलं, “काकू, मी अमळनेरहून बोलतेय, पापडवाली. मार्चअखेरीला आमची दोन पार्सलं तुमच्याकडे आली होती, ती मिळाली ना?”

पलीकडे दोन क्षण शांतता. मग त्या म्हणाल्या, “बाई, ते तुमचं होतं का? मला वाटलं, माझ्या भावाने पाठवलं.”

काकूंचं माहेर अमळनेरचं. दरवर्षी आखाजीच्या सुमाराला भाऊ वाळवणाचं पार्सल पाठवतो. यंदा खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी अमळनेर वाचलं आणि त्यांनी माहेरचं म्हणून डब्यांत भरूनही टाकलं. मुलाने बंगळुरूहून विचारलं, “आई, मी मागवलेलं आलं का?” त्या म्हणाल्या, “तुझं काही नाही आलं, मामाचं आलंय.” मुलाने महिनाभर वाट पाहिली आणि बँकेकडे तक्रार केली. कोणीच खोटं बोललं नव्हतं. आमच्या लेबलवर दुकानाचं नाव मुंगीच्या अक्षरात होतं, तो दोष आमचा.

मी काकूंना विनंती केली की हेच व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत लिहून पाठवा. फोनवर बोललेलं बँकेपुढे ठेवता येत नाही. त्यांनी लिहिलं, “दोन्ही पारसल मियनात. माले वाटनं भाऊनी धाडात.” याने गेटवर अडकलेल्या पहिल्या खोक्याची कडी जोडली गेली, कारण दोन्ही मिळाल्याचं घेणाऱ्याच माणसाने लिहिलं होतं.

पण बंगळुरू, मुंबई किंवा चेन्नईतल्या बँकेच्या माणसाला अहिराणी कशी कळणार? मराठी किंवा अहिराणी मजकूर असेल तर त्या चित्राच्या खाली, त्याच पानावर, सरळ इंग्रजीत भाषांतर टाईप करा. मूळ मजकूर झाकू नका आणि भाषांतरात स्वतःचं एकही वाक्य घालू नका. संदेशाची तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसू द्या, म्हणजे तो नंबर ऑर्डरमधल्या नंबराशी जुळवता येईल.

काकूंच्या मुलालाही मी फोन केला. त्याला वाईट वाटलं आणि बँकेकडे तक्रार मागे घेण्याचा मेल त्याने लगेच टाकला, त्याची प्रत आम्हाला दिली. आता इथे फार जण फसतात. ग्राहकाने ‘मागे घेतो’ म्हटलं की ते निवांत होतात आणि उत्तरच देत नाहीत. बँकेत तो मेल वेळेत बघितला जाईलच असं नाही. आपली तारीख उलटली की आपण तक्रार मान्य केली असं धरलं जातं. ग्राहकाने काहीही सांगो, उत्तर मुदतीत द्यायचंच.

दुसरी गोष्ट. तक्रार चालू असताना दया येऊन किंवा भांडण मिटवायला म्हणून ग्राहकाला वेगळा परतावा देऊ नका. रक्कम आधीच वळती झालेली असते, वरून तुम्ही दिली की दोनदा जाते. परतावा नोटिशीच्या आधीच दिलेला असेल, तर मग पोच वगैरे सोडा आणि त्या परताव्याचा संदर्भ क्रमांक व तारीख हाच पुरावा द्या.

ते एक पान

सगळे कागद जमले की सर्वांत वर एक पान लावायचं. जोडपत्रं कितीही असोत, वाचणारा हे पान पूर्ण वाचतो आणि बाकीची फक्त पडताळून पाहतो. ते इंग्रजीत द्यावं लागतं, पण आधी मराठीत लिहून काढलं की विचार स्वच्छ होतो. आमचं मराठी टिपण असं होतं:

> ऑर्डर १०४७, रक्कम ₹१०,१४०. तक्रार: माल मिळाला नाही. आमचं म्हणणं: पूर्ण माल दोन खोक्यांत, कार्डधारकाने दिलेल्या पत्त्यावर, कबूल मुदतीच्या आत पोचला.
>
> २४ मार्च: कार्डधारकाने ऑर्डर देताना आपल्या आईचं नाव, मोबाइल आणि पुण्याचा पत्ता पाठवण्यासाठी भरला. कबूल तारीख ५ एप्रिल. (जोडपत्र १, बिल जोडपत्र २)
>
> २६ मार्च: दोन खोकी कुरिअरकडे दिली. १०.८ किलो आणि ९.७ किलो. लेबलवरचं नाव व पत्ता जोडपत्र १ प्रमाणेच. (जोडपत्र ३)
>
> ३० मार्च, दुपारी १.१२: पहिला खोका सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षकाकडे दिला. ठिकाणाची नोंद याच पत्त्याची. (जोडपत्र ४)
>
> ३१ मार्च, संध्याकाळी ६.४०: दुसरा खोका स्वतः घेणाऱ्या व्यक्तीने सही करून घेतला. (जोडपत्र ५)
>
> ७ मे: घेणाऱ्या व्यक्तीने, ऑर्डरमध्ये दिलेल्याच मोबाइलवरून, दोन्ही पार्सलं मिळाल्याचं लिहून कळवलं. पार्सल नातेवाइकाने पाठवलं असा त्यांचा समज झाला होता. (जोडपत्र ६)
>
> ७ मे: कार्डधारकाने तक्रार मागे घेण्याबाबत आपल्या बँकेला मेल केला. (जोडपत्र ७)

बस. यात ‘आम्ही प्रामाणिक आहोत’, ‘गरीब महिलांचा उद्योग आहे’ असं एकही वाक्य नाही. ते खरं असलं तरी बँकेला त्यावर निर्णय घेता येत नाही. प्रत्येक ओळीत तारीख, घडलेली गोष्ट आणि ती कुठल्या कागदावर बघायची, एवढंच.

पहिला खोका गेटवर दिला गेला, हे आम्ही लपवलं नाही. ‘डिलिव्हर झाला’ असं गोल लिहिता आलं असतं, पण जोडपत्रात ‘सिक्युरिटी’ हा शब्द दिसणारच होता. वाचणाऱ्याला तो स्वतःहून सापडला की त्याचा बाकीच्या कागदांवरचाही भरवसा उडतो. कच्ची बाजू आपणच सांगावी आणि पुढच्याच ओळींत तिचा आधार द्यावा.

फाइलींची नावं `01_Order.pdf`, `02_Invoice.pdf` अशी क्रमाने द्या, म्हणजे पानातला जोडपत्र क्रमांक आणि फाइल जुळेल. प्रत्येक कागदावर ऑर्डर क्रमांक आणि एडब्ल्यूबी नंबर जिथे आहे तिथे लाल चौकट करा. पीओडी धुरकट असेल तर मूळ प्रत मागवा, कारण न वाचता येणारी सही नसल्यासारखीच. गेटवेने फाइलींचा आकार आणि संख्या ठरवून दिलेली असते, ती आधी बघा.

बऱ्याच डॅशबोर्डवर `Accept` आणि `Contest` अशी दोन बटणं असतात. `Accept` चुकून दाबलं तर विषय संपला. `Contest` दाबून सबमिट केल्यावर अनेक ठिकाणी काही बदलता येत नाही, म्हणून घाईत दोन कागद टाकून ‘बाकीचे नंतर’ असं करू नका. आम्ही १० मे रोजी पान लिहिलं, ११ तारखेला सकाळी परत वाचून पाठवलं. दोन दिवस हातात ठेवले ते वीज आणि इंटरनेटच्या भरवशावर न राहण्यासाठी. मे महिन्यात इकडे दुपारची वीज कधी जाईल सांगता येत नाही.

कधी लढू नये

पोचेवरचं ठिकाण भलत्याच भागातलं निघालं, पिनकोड लेबलवरच चुकला होता, किंवा माल कबूल तारखेनंतर बऱ्याच दिवसांनी गेला आणि ग्राहकाने मधल्या काळात ऑर्डर रद्द करायला सांगितलं होतं, तर तक्रार मान्य करा आणि कुरिअरकडे नुकसानभरपाई मागा. भरपाई मागण्याची मुदत बुकिंगच्या अटींत असते आणि ती लहान असते, म्हणून नोटीस आल्याच्या दिवशीच ती अट वाचा. दोन खोक्यांपैकी एकाचीच पोच असेल तर तेवढ्याच मालाच्या रकमेसाठी लढा आणि दुसऱ्याची रक्कम सोडतो असं पानावर स्पष्ट लिहा.

आपलं उत्तर गेल्यानंतरही ग्राहकाची बँक ते नाकारून प्रकरण पुढच्या पायरीवर नेऊ शकते. अगदी शेवटी कार्ड कंपनीच निर्णय देते आणि हरणाऱ्याला भारी शुल्क बसतं. दहा हजारांच्या ऑर्डरसाठी मी तिथपर्यंत जाणार नाही. म्हणूनच पहिलं उत्तर पूर्ण असायला हवं.

आता आम्ही काय ठेवतो

माल न मिळाल्याची तक्रार करायला व्हिसा आणि मास्टरकार्ड साधारणपणे १२० दिवस देतात, आणि ते पैसे भरल्यापासून नव्हे तर माल मिळायला हवा होता त्या तारखेपासूनही मोजले जाऊ शकतात. व्हिसाची व्यवहारापासूनची कमाल मर्यादा ५४० दिवसांची आहे. कुरिअरच्या वेबसाइटवरचं ट्रॅकिंग त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. म्हणून पार्सल पोचलं त्याच संध्याकाळी आम्ही ट्रॅकिंगचं पान पीडीएफ करतो, पाच हजारांवरच्या प्रत्येक ऑर्डरची पीओडी त्याच आठवड्यात मागवतो आणि ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये दीड वर्ष ठेवतो. खोका बंद करण्याआधी लेबल आणि वजनकाटा एकाच फोटोत घेतो.

आमचा निकाल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. रक्कम परत जमा झाली. गेटवेचं तक्रारीचं शुल्क मात्र परत आलं नाही. ते आपल्या करारात काय लिहिलंय त्यावर असतं, तेव्हा तो करार एकदा काढून बघा.

लेबलही बदललं. आता खोक्याच्या वर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव असतं आणि खाली एक ओळ, ‘ही ऑर्डर तुमच्यासाठी यांनी मागवली आहे’, पुढे पैसे देणाऱ्याचं पहिलं नाव. पार्सल पोचल्यावर तोच मजकूर घेणाऱ्याच्या आणि मागवणाऱ्याच्या, दोघांच्या मोबाइलवर जातो. काकूंनी या वर्षी पाच किलो बिबडे स्वतः मागवले. पार्सल मिळाल्यावर त्यांनी आधी खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठवला.